म्हातारीच्या तोंडची वऱ्हाडी

कापूस विकण्यावरून आजी आणि नातवाचं वाजतं, एवढाच माझ्या कथेचा जीव. गाव दर्यापूरकडचं, म्हणून संवाद वऱ्हाडीत. पहिल्या खर्ड्यात आजी म्हणायची, ‘आरं, आत्ताच इकू नगंस की. भाव चढला का रडत बसशीन मंग.’ तिकडच्याच माझ्या मावशीला कथा वाचून दाखवली, तर म्हातारी रडते नेमकं तिथंच तिला हसू आलं. ‘हे कोन बोलून राह्यली? आमच्याइकडची नाई वाटत,’ ती म्हणाली.

तिचं खरं होतं. ‘आरं’, ‘नगं’ आणि शेवटचा ‘की’ हे सातारा-कोल्हापूरकडचे. सिनेमातून कानात बसलेलं ‘गावरान’ मी वऱ्हाडीत कालवलं होतं. ‘बसशीन’ तेवढं अस्सल. आता ते वाक्य असं आहे: ‘आता इकू नोको. भाव चढला का रडत बसशीन मंग.’

दुसरी चूक मला जास्त लागली. आजीचं ‘पाहिजे’ मी ‘पायजे’ असं लिहिलं होतं आणि बँकेतल्या पुणेरी साहेबाचं शुद्ध ‘पाहिजे’. बोलताना ‘पायजे’ तर मीही म्हणतो. म्हणजे साहेबाचं बोलणं मी शब्दकोशातून लिहिलं आणि म्हातारीचं तेवढं कानानं. तिथंच ती वाचकाच्या नजरेत अडाणी ठरली. मग असे सगळे शब्द मी नेहमीसारखे लिहिले. वऱ्हाडीची स्वतःची घडण जिथं आहे तिथं मात्र हात लावला नाही: ‘मले-तुले’, ‘येऊन राह्यला’, ‘काहून’, ‘तो येईल’ऐवजी ‘तो येईन’. ‘डोळे’चं ‘डोये’ फक्त आजीच्या तोंडी ठेवलं. अमरावतीला शिकलेला नातू ‘डोळे’च म्हणतो.

हा नातू सगळीकडे एकाच सुरात बोलत होता, हेही खोटं होतं. घरात तो ‘मले पैसे आताच लागते’ म्हणेल, पण साहेबासमोर सांभाळून बोलेल. म्हणून बँकेतला प्रसंग नव्यानं लिहिला. ‘सर, मला मुदत वाढवून पाहिजे होती,’ असं तो सुरू करतो. साहेब मान वर न करताच नाही म्हणतात. दोनदा विनवल्यावर त्याचा धीर सुटतो: ‘मंग मी काय करू? मले सांगा ना!’ आधी इथं मी त्याच्या हतबलतेवर अख्खा परिच्छेद खर्चला होता. त्या एका ‘मले’नंतर तो काढून टाकला.

निवेदन प्रमाण मराठीतच ठेवलं. तिथं उभ्या पिकाला मी ‘कपाशी’ म्हणत होतो आणि आजी ‘पऱ्हाटी’. आता निवेदनातही पऱ्हाटीच आहे, अर्थ न सांगता. शेत दिसतंय, बोंडं फुटलीत, वाचकाला कळतं.