पंधरा ऑक्टोबरच का, ते आधी सांग

पुणे

चि. सोनू,


१५ ऑक्टोबरला मोकळं करा, असं सरांना लिहिलेल्या मेलचा तू पाठवलेला मसुदा वाचला. नोकरी बदलण्याचं तुझं ठरलंय आणि ते मला पटलेलंही आहे. पण मसुद्यातलं तिसरं वाक्य, ‘उरलेल्या ४५ दिवसांचे बायआउटचे पैसे नवी कंपनी भरायला तयार आहे’, हे आधी काढून टाक. माझ्या टीममधल्या मुलामुलींच्या अशा विनंत्या मी इतकी वर्षं हाताळतेय, म्हणून हक्कानं सांगते.

बायआउटचा एक रुपयाही तुझ्या सरांच्या हाती पडत नाही. तो फुल अँड फायनलमध्ये कापला जातो आणि कंपनीकडे जातो. सरांच्या वाट्याला येतं ते एवढंच की कामातलं माणूस दीड महिना आधी जाणार, क्लायंटला तोंड त्यांनी द्यायचं, आणि तुझ्या जागी बाहेरून कोणी घ्यायचं तर तोही बहुधा नव्वद दिवसांची नोटीस भरूनच येणार. पैसे देऊन त्यांची अडचण सुटत नाही. म्हणून पैशाचा विषय आधी निघाला की तो सौद्यासारखा वाटतो. त्यांना सोडवायचीय ती अडचण कामाची आहे. तुझी विनंती तिथूनच सुरू व्हायला हवी.

त्याआधी नेमणूकपत्रातलं नोटिशीचं कलम काढून शब्दन् शब्द वाच. ‘नव्वद दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार’ एवढंच लिहिलं असेल, तर तुझी बाजू बरीच भक्कम आहे. पुढे ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ असं जोडलेलं असेल, आणि अनेक ठिकाणी ते असतं, तर पैसे भरले की सुटका असा अर्थ होत नाही, मंजुरी लागते. आणि ती मिळण्याची वाट सरांच्या होकारातूनच जाते. एचआरकडे परस्पर गेलीस, तर एचआर पहिला फोन त्यांनाच करेल.

आता कारणं. ‘नव्या कंपनीला लवकर हवंय’ ही तुझी गरज झाली, सरांना होकार द्यायला ती पुरत नाही. ती लपवू नकोस, एका वाक्यात खरी सांग: नव्या टीमचं प्रशिक्षण १९ ऑक्टोबरला सुरू होतंय. आजारपण किंवा घरातली अडचण असलं काही रचून सांगू नकोस. सर सहानुभूतीनं आठ दिवसांची रजा देतील, आणि मग तू खोट्यातच अडकशील. तुझ्याकडे याहून भक्कम कारण आहे, तुझ्याच कामाच्या वेळापत्रकात. तू १ सप्टेंबरला राजीनामा दिलास की नोटीस २९ नोव्हेंबरला संपते. तुमचं रिलीज ९ ऑक्टोबरला आहे. त्यानंतर सणाच्या विक्रीसाठी क्लायंटचा कोड फ्रीझ लागतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नवं काही जात नाही. म्हणजे १५ ऑक्टोबरनंतरच्या तुझ्या ४५ दिवसांतला बराच काळ डेव्हलपमेंटचं काम जवळपास नसेल. पंधरा तारीखच का, याचं हे उत्तर सरांना स्वतःच्या कॅलेंडरवर ताडून पाहता येईल.

पण इथे थांबलीस तर सर एकच प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे: सणात रात्री दोनला रिफंडचा जॉब अडकला तर कोण उठणार? ते जॉब आज तुझ्याशिवाय कुणाला नीट कळत नाहीत, हे तूच मला सांगितलंस. तेव्हा केटीच्या नावाखाली चार रेकॉर्डिंग टाकून मोकळी होऊ नकोस. रनबुक लिही: कुठली चूक दिसली की काय तपासायचं, कुठला जॉब परत चालवायचा आणि कुठला हात न लावता क्लायंटला कळवायचा. मग सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ऑन-कॉलवर तुझ्या एखाद्या सहकाऱ्याला पुढे ठेव, तू नुसती मागे राहा. तो कुठे अडतो ते दिसेल आणि तेच रनबुकमध्ये भरता येईल. सहकारी तयार आहे का, हे मात्र त्याला आधी विचार. परस्पर त्याचं नाव घेणं बरं नाही.

हे सगळं एका पानावर उतरव आणि सरांकडे अर्धा तास वेळ माग. मेल किंवा पोर्टलवरचा राजीनामा त्या बोलण्यानंतर, त्याच दिवशी. आधी पोर्टलवर टाकलास तर त्यांना बातमी ऑटोमॅटिक मेलमधून कळेल, आणि ते मनाला लागतं. बोलताना क्रम असा ठेव: मी निघतेय, पंधरा ऑक्टोबरला मोकळं करता येईल का, काम असं सोपवीन, यात तुम्हाला कुठे धोका दिसतो? मग गप्प बस आणि त्यांना बोलू दे. ते म्हणाले, ‘विक्रीचा पहिला आठवडा तरी थांब’, तर जागच्या जागी नाही म्हणू नकोस. नव्या कंपनीला तारीख आठवडाभर सरकवता येईल का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेव.

बायआउट सगळ्यात शेवटी, तेही एका वाक्यात: ‘उरलेल्या दिवसांसाठी धोरणाप्रमाणे जी वसुली असेल ती मला मान्य आहे.’ नवी कंपनी भरून देणार आहे हे बोलूच नकोस. ते तुझं आणि नव्या कंपनीचं आपसातलं आहे.

आकडे मात्र स्वतःसाठी नीट काढ. तुझा बेसिक ४०,००० आणि ग्रॉस ९६,०००. ४५ दिवसांची वसुली बेसिकवर ६०,००० होते, ग्रॉसवर १,४४,०००. कुठल्या पगारावर धरतात ते एचआर पॉलिसीत बघ. तुझी १२ दिवसांची अर्जित रजा नोटिशीत वळती करू दिली, तर ३३ दिवस उरतात, म्हणजे ४४,००० किंवा १,०५,६००. या वसुलीवर जीएसटी लावला तर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचं परिपत्रक दाखव. नोटिशीच्या वसुलीवर तो लागत नाही, असं त्यात स्पष्ट केलंय. नवी कंपनी जे भरून देईल, ते मात्र पगारात धरून कर कापतील. शिवाय वर्षाच्या आत सोडलं तर परत द्या अशी अट अनेकदा असते. ऑफर लेटरमध्ये दोन्ही लिहून घे.

मेल इंग्रजीत लिहिशील, पण आशय असा असू दे:

‘सर, आज बोलल्याप्रमाणे मी राजीनामा देत आहे. ९ ऑक्टोबरचं रिलीज पूर्ण करून १५ ऑक्टोबरला मला कार्यमुक्त करावं, अशी विनंती आहे. रिफंड जॉबचं रनबुक आणि ऑन-कॉल सोपवण्याचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. त्यात तुम्हाला काही कमी वाटलं तर मी भर घालीन. नव्या ठिकाणी १९ ऑक्टोबरला रुजू व्हायचं असल्यानं ही तारीख मागत आहे. उरलेल्या दिवसांबाबत कंपनीचं धोरण मला मान्य आहे.’

आभाराचं लिहायचं असेल तर त्यांनी तुझ्यासाठी खरंच केलेली एखादी गोष्ट लिही. पहिल्या मोठ्या आउटेजला क्लायंटसमोर ते तुझ्या बाजूनं उभे राहिले होते, तीच लिही.

नाहीच म्हणाले, तर कारण विचार आणि त्यांना सांगूनच एचआरकडे जा. पण पंधरा तारखेनंतर परस्पर कामावर जाणं बंद करायचा विचारही आणू नकोस. रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत ते दिसतं. आणि होकार मिळाला, तरी शेवटची तारीख आणि वसुलीची रक्कम एचआरच्या मेलवर आल्याशिवाय नव्या कंपनीला पक्कं कळवू नकोस.

कलमाचा फोटो आज रात्री पाठव, मी वाचून फोन करते.

तुझी
मावशी