आधी डीएसओ, मग तिकीट

सांगली, ऑक्टोबर

चि. अनिकेतास अनेक आशीर्वाद.

दादाला काल आयसीयूतून वॉर्डात आणलं. डावा हात अजून उचलता येत नाही, बोलणं जड आहे, पण वहिनीला ओळखतो आणि चहा मागतो. गिळता येतं का ते तपासल्याशिवाय डॉक्टर चहा देऊ देत नाहीत, म्हणून चिडलेला आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिले तीन महिने फिजिओथेरपी नेटाने करायची असते. घरात एक माणूस लागेल हे खरं, पण तो तूच असावास का आणि किती दिवस, हे ठरवायच्या आधी हे पत्र वाच.

तू फोनवर म्हणालास, ‘सगळे विषय ड्रॉप करतो आणि निघतो.’ तसं करू नकोस. माझी इतकी वर्षं अमेरिकेत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातच गेली. पोर्टलवर घाईत दाबलेलं ‘ड्रॉप’चं बटण निस्तरताना मुलांचे हाल पाहिले आहेत. एफ-१ विद्यार्थ्याने डीएसओच्या परवानगीशिवाय विषय सोडले, तर सेव्हिसमध्ये नियमभंगाची नोंद होते आणि देश सोडायला सवलतीचा एकही दिवस मिळत नाही. आधी परवानगी घेतलीस, तर ‘ऑथोराइज्ड अर्ली विथड्रॉवल’ अशी नोंद होते आणि निघायला पंधरा दिवस मिळतात. दोन्हींत विषय तेच सुटतात, पण परत येताना फार फरक पडतो.

थोडे विषय ठेवून बाकीचे सोडावेत, असंही तुझ्या मनात येईल. वैद्यकीय कारणासाठी कमी विषय घ्यायची सवलत आहे, पण ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजारासाठी. वडिलांच्या आजारपणावर ती मिळत नाही. हा नियम मला तेव्हाही निष्ठुर वाटायचा.

म्हणून पहिला पर्याय असा: नाव न काढता दोन आठवडे येऊन जा. प्राध्यापकांना आजच लिही. ज्या विषयांचं बरंचसं काम झालंय, त्यांत ‘इनकम्प्लीट’ मागता येतो. उरलेलं काम नंतर पुरं करायचं. नोंदणी शाबूत, म्हणून सेव्हिस चालू, आणि भरलेली फीही वाया जात नाही. निघताना पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत बघ, आणि आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे ना तेही बघ. मात्र इथूनच झूमवर सेमिस्टर उरकेन, या भरवशावर राहू नकोस. पूर्णवेळ विद्यार्थी ठरताना ऑनलाइन विषय जेमतेम एकच धरतात.

दोन आठवडे पुरणार नाहीत असं दिसलं, तरच रजा. त्यात पाच महिन्यांचा हिशेब डोक्यात ठेव. ऑक्टोबरअखेर परवानगीने निघालास, तर ती मुदत मार्चअखेरपर्यंत. जानेवारीच्या सेमिस्टरला परतलास, तर डीएसओ तोच सेव्हिस रेकॉर्ड पुन्हा चालू करायची विनंती करू शकतो आणि मुदत शिल्लक असेल तर तोच व्हिसाही चालतो. फक्त रेकॉर्ड चालू झाल्याचं लेखी आल्याशिवाय विमानात बसू नकोस. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीलाच दे. जानेवारी हुकला की पुढचं सत्र थेट ऑगस्टचं, म्हणजे पाच महिने उलटून गेलेले. मग नवा आय-२०, ३५० डॉलरची सेव्हिस फी आणि बहुधा नवा व्हिसा. त्याहून वाईट म्हणजे ओपीटीसाठी लागणारं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष नव्याने मोजतात. तुझं तिसरं सेमिस्टर चालू आहे, ते सोडलंस तर ते आणि चौथं अशी दोनच उरतात. त्यांत ते वर्ष जेमतेम भरेल, आणि त्याआधी पदवी संपली तर ओपीटीच हातची जाईल. तेव्हा रजा घेतलीसच, तर जानेवारीत परतायचंच, असं धरून घे.

पैशाचं थोडक्यात सांगते. फीचा परतावा दर आठवड्याला घटतो, आणि सेमिस्टरच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी शून्यावर येतो. तरी कौटुंबिक आपत्तीसाठी फी माफीचा अर्ज बहुतेक विद्यापीठांत असतो. तो रजिस्ट्रारकडे की बर्सरकडे, हे विचारून घे. त्याला लागणारं रुग्णालयाचं पत्र, लेटरहेडवर, इंग्रजीत, दाखल झाल्याची तारीख आणि निदान लिहिलेलं, मी उद्या मिळवून पाठवते. असिस्टंटशिप असल्यामुळे रजेत पगार थांबेल. ट्यूशन माफीही परत मागतात का, ते विभागात लेखी विचार. कर्जाचे हप्ते बँकेने अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेवर बांधले आहेत. रजा घेतलीस तर नवी तारीख शाखेत नोंदवावी लागेल. ते काम मी करीन, वहिनीला त्यात ओढू नकोस.

उद्या सकाळी तुझ्याकडे ऑफिस उघडलं की आधी डीएसओ, मग प्राध्यापक, मग तिकीट. दादाला मी सांगितलंय की तू येतो आहेस, किती दिवस ते सांगितलेलं नाही. फोन इथल्या रात्री दहानंतर कर, तेव्हा तो जागा असतो आणि नर्सची फेरी आटोपलेली असते.

तुझी,
आत्या