अब्बांचा पहिला हेडफोन

आमच्या घरात फजरची नमाज झाली की अब्बांची कव्वाली सुरू व्हायची. मोबाइल कपाटावरच्या पितळी वाटीत उभा ठेवायचा, म्हणजे आवाज घुमून मोठा येतो, ही त्यांची युक्ती. आधी एखादी हम्द, मग नात, मग कव्वाली. गेल्या दोन वर्षांत मात्र वाटी पुरेनाशी झाली. आवाज वाढत गेला आणि एक दिवस शेजारच्या भाभीनं हसत हसत विचारलं, "चाचा, आज कौनसा उर्स है?"

यंदा माझी मुलगी दहावीला. पहाटे ती अभ्यासाला बसायची. तिनं कधी तक्रार केली नाही, पण जानेवारीत एक दिवस घर शांत झालं आणि शांतच राहिलं. अब्बांनी कव्वाली बंद केली होती. विचारलं तर म्हणाले, "बच्ची का इम्तेहान है. मेरा क्या, सुन लिया जिंदगीभर." मी ते ऐकून गप्प बसलो, हे कबूल करायला हवं. मुलगी मात्र गप्प बसली नाही. जपून ठेवलेली ईदी घेऊन ती पैठण गेटजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेली आणि बिनवायरचा हेडफोन घेऊन आली. कानात खुपसायचा छोटा नाही, कान झाकणारा मोठा. कारण विचारलं तर म्हणाली, "छोटे हरवतात, आणि दादांच्या बोटांना बटण लागायला पाहिजे ना."

अब्बांनी तो उलटसुलट करून पाहिला. "इसका तार किधर है?"

"तारच नाही दादा. आधी याची आणि तुमच्या मोबाइलची ओळख करून द्यायची. मग दोघं आपापसात बोलतात."

ओळख मात्र पहिल्या दिवशी काही होईना. अब्बा बटण दाबायचे, निळा दिवा लागायचा, मोबाइलच्या यादीत हेडफोनचं नाव काही यायचं नाही. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "नक्को बेटा, वापस कर दे." चूक दोन ठिकाणी होती. बटण थोडं दाबलं की हेडफोन नुसता चालू होतो आणि आधीच्या ओळखीच्या मोबाइलला शोधत बसतो. नवी ओळख करायची तर तो बंद करून तेच बटण पाच-सात सेकंद दाबून धरावं लागतं. दिवा लाल-निळा आळीपाळीनं लुकलुकायला लागला म्हणजे समजायचं की आता तो कुणाशीही ओळख करायला तयार आहे. अब्बा निळा दिवा दिसला की लगेच बोट काढत होते.

दुसरी चूक मुलीची. दुकानात तपासताना तिनं तो आपल्या मोबाइलशी जोडून पाहिला होता. त्यामुळे चालू झाला की तो आतल्या खोलीतल्या तिच्या मोबाइलला जाऊन चिकटायचा. हे कळलं ते गमतीनं. अब्बांच्या कानात एकदम आवाज आला आणि ते दचकून म्हणाले, "ये कौन औरत है, त्रिकोण त्रिकोण कर रही!" मुलीचा भूमितीचा व्हिडिओ भिंतीपलीकडून त्यांच्या कानात वाजत होता.

मग तिनं आधी आपल्या मोबाइलच्या Bluetooth यादीतून हेडफोन Forget केला. नंतर अब्बांच्याच हातून सगळं करून घेतलं: सेटिंगमध्ये जाऊन Pair new device, बटण दाबून मनात दहा मोजायचे, लाल-निळा दिवा, यादीत नाव दिसलं की त्यावर बोट, मग Pair. हेडफोनमधून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. "ती म्हणते, ओळख झाली." एकदा ओळख झाली की रोज हे करावं लागत नाही, मोबाइलचं Bluetooth चालू असलं की हेडफोन आपणहून जोडला जातो, हेही तिनं सांगितलं.

कव्वाली सुरू झाली. अब्बांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. पण दोन मिनिटांनी कपाळाला आठी पडली. "तबला साफ है. लफ्ज धुंदले हैं."

मी आवाज वाढवायला गेलो, पण वाढवून फायदा नव्हता. वय झालं की कान आधी उंच स्वर सोडतो. स, श, फ, त असली व्यंजनं त्याच उंच भागात असतात, म्हणून ठेका आणि तान पोचते, शब्द गळतात. आवाज वाढवला की ठेकाच जास्त जोरात आदळतो आणि उरलेल्या कानाला त्रास होतो. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. त्याचा फायदा एवढाच की पंख्याचा, रस्त्याचा आवाज बाहेर राहतो आणि गाणं थेट कानाशी येतं. शब्दांसाठी कानाच्या डॉक्टरकडे जावं लागेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा अब्बांनी मान्य केलं.

आणखी एक अडचण त्यांनीच काढली. कान झाकले तर अजान कशी ऐकू येणार? तोडगाही त्यांचाच. ते एक कान उघडा ठेवून, हेडफोन तिरका घालून बसतात.

मुलीला वाटत होतं, ती शाळेत गेल्यावर दादा विसरतील. म्हणून तिनं सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून दिल्या. अब्बा फक्त उर्दू वाचतात, म्हणून उर्दूत. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू शिकवली, पण माझी मुलगी मराठी माध्यमात. तिची उर्दू मोडकीतोडकी, हे माझं जुनं दुखणं. तिसऱ्या पायरीत तिनं लिहिलं होतं, दिवा बदलेपर्यंत सब्र करा. अब्बांनी चष्मा लावला, माझ्या खिशातला लाल पेन मागितला आणि 'सब्र'भोवती गोल केला. तिनं तो 'सीन'नं लिहिला होता. उर्दूत 'स'साठी तीन अक्षरं, उच्चार सगळ्यांचा एकच. सब्र लिहायचा 'सुआद'नं.

"दादा, ऐकायला तर सारखंच येतं!"

"मेरे को तो सुनने में आताच नहीं," अब्बा म्हणाले, "दिखता है."

आपल्या खुलताबादला ज्यांची दर्गाह आहे, ते हजरत बुरहानुद्दीन गरीब समाचे मोठे शौकीन. समाला जुन्या सूफींनी तीन अटी घातल्या आहेत: जमान, मकान आणि इख्वान, म्हणजे योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. हेडफोननं अब्बांना वेळ आणि जागा परत दिली. पण सोबती? कव्वालीला 'वाह' म्हणायला शेजारी कुणीतरी लागतं. पहिल्या आठवड्यात ते कोपऱ्यात एकटेच मान हलवताना दिसायचे आणि मला ते पाहवत नव्हतं.

आता पहाटे ते हेडफोन घालतात. मुलगी समोर पुस्तक घेऊन बसते. एखादा शब्द कळला नाही की अब्बा हेडफोन काढून तिच्या कानाला लावतात. ती ऐकते, वहीच्या मागच्या पानावर तो शब्द उर्दूत लिहून दाखवते. अब्बा वाचतात, चुकलं असेल तर लाल गोल करतात आणि हेडफोन परत घेतात. काल पाहिलं तर त्या पानावर अकरा शब्द होते आणि चार गोल.