बाणाची दिशा

लीड्समधल्या आमच्या घरात रेडिएटरचे व्हॉल्व्ह बदलून घेतले आणि त्याच थंडीत जमिनीखालून धडधड ऐकू यायला लागली. प्लंबरला फोन केला, तर तो म्हणाला, "पाइप तापले की फुगतात, त्याचा आवाज असेल." मला ते पटेना. पाइप फुगण्याचा आवाज हीटिंग सुरू होताना किंवा बंद झाल्यावर येतो, आणि तोही एकेक टकटक असा. आमच्याकडे मात्र बैठकीची खोली चांगली ऊबदार झाली की सलग ठोके सुरू व्हायचे, हातोडी चालल्यासारखे.

मी त्या खोलीतल्या रेडिएटरची थर्मोस्टॅटिक मूठ ३ वरून ५ वर नेली. आवाज तत्क्षणी थांबला. हळूहळू परत ३ वर आणली, तशी पाइपवर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवली आणि ठोके पुन्हा सुरू झाले. म्हणजे व्हॉल्व्ह मिटत आला की दुखणं उद्भवत होतं.

त्या व्हॉल्व्हच्या आत एक लहान चकती असते. मूठ तिला खाली दाबते, स्प्रिंग वर ढकलते. पाणी चकतीच्या खालून आलं तर ते दाबाला विरोध करतं आणि व्हॉल्व्ह शांतपणे मिटतो. पाणी वरून आलं, तर फट अरुंद होताच तेच चकतीला खाली आपटतं. वाहतं पाणी अचानक अडतं, दाबाची लाट पाइपमधून मागे जाते. स्प्रिंग चकती उचलते आणि पुन्हा तेच. तांब्याच्या पाइपातलं सेकंदाला अर्धा मीटर वेगाचं पाणी एका क्षणात थांबलं, तर दाब सहा-सात बारने उसळू शकतो. एरवी आमच्या सिस्टिममध्ये तो दीड बारच्या आत असतो.

सकाळी सगळं थंड असताना हीटिंग लावलं आणि रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे पाइप धरून बसलो. आधी तापला तो व्हॉल्व्ह नसलेल्या बाजूचा. म्हणजे गरम पाणी तिकडून आत येत होतं आणि व्हॉल्व्हवाटे बाहेर पडत होतं. व्हॉल्व्हवरचा एकेरी बाण मात्र रेडिएटरकडे तोंड करून होता.

प्लंबर येईपर्यंत पंपाचा वेग ३ वरून २ वर आणला. ठोके मंदावले, पण वरच्या मजल्यावरचं शेवटचं रेडिएटर कोमटच राहायला लागलं, म्हणून तो उपाय तात्पुरताच. प्लंबरने पाइप हाताने तपासले, काही न बोलता पाणी उतरवलं आणि दोन्ही दिशांनी चालणारा व्हॉल्व्ह बसवला. पाणी भरून, हवा काढून पंप पुन्हा ३ वर नेला. मूठ कुठेही ठेवली तरी ठोके नाहीत.

पंप सुरू होताना एकच दणका मात्र उरला होता. त्याचं कारण वेगळं निघालं. फळी उचलल्यावर दिसलं, की वळणाजवळचा क्लिप निखळला होता आणि पंपाच्या पहिल्या झटक्याला पाइप लाकडी तुळईवर आदळत होता. नवा क्लिप ठोकला, पाइप आणि तुळईच्या मध्ये फेल्टची पट्टी घातली आणि फळी परत बसवली.