लेबलं आम्हीच बदलली

यवतमाळ जिल्ह्यातल्या छोट्या विक्रेत्यांना ग्राहकांना पाठवायची पत्रं आणि मेल लिहून देणं हा माझा व्यवसाय. दिवाळीच्या आधी त्यातली निम्मी पत्रं माफीची असतात.

दारव्ह्याकडच्या एका महिला गटाचंच घ्या. पुण्याच्या ग्राहकाने पाच किलो तूरडाळ मागवली होती, त्याला मिळाल्या दोन किलो मूगवड्या. गटातल्या ताईंनी मेल तयार ठेवला होता: ‘तांत्रिक कारणास्तव झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चौकशी सुरू आहे.’ ग्राहकाला यातून काय कळणार? डाळ कुठे आहे, हेही नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी मी स्पीड पोस्टच्या पावत्या मागवतो. पावतीवर वजन छापलेलं असतं. पुण्याच्या पावतीवर दोन किलोहून थोडं जास्त, तर मूगवड्या मागवलेल्या नागपूरच्या बाईंच्या पावतीवर पाच किलोच्या वर. म्हणजे गोंधळ टपालात नव्हे, घरीच झाला होता. एकाच मापाचे दोन खोके आधी बंद केले आणि लेबलं मागाहून चिकटवली. हे कळल्याशिवाय माफी मागितली, तर चूक कुरियरवर किंवा पोस्टावर ढकलली जाते.

मग मेल असा गेला. विषय: ‘तुमची तूरडाळ आज पुन्हा पाठवली आहे’.

‘नमस्कार. तुम्ही तूरडाळ मागवली होती आणि आम्ही मूगवड्या पाठवल्या. दोन खोक्यांवरच्या लेबलांची आमच्याकडून अदलाबदल झाली. डाळ आज सकाळी पोस्टात दिली, क्रमांक खाली आहे. ती दिवाळीआधी पोचली नाही किंवा आता नको असेल, तर एवढंच कळवा, पूर्ण पैसे परत करू. वड्या परत पाठवू नका, घरीच वापरा. खोक्यातल्या बिलावर दुसऱ्या ग्राहकाचा पत्ता आणि मोबाइल आहे, ते कृपया फाडून टाका. आम्हाला माफ करा.’

वड्या ठेवून घ्यायला सांगणं ताईंना महागात पडल्यासारखं वाटलं. पण घराबाहेर गेलेला खाद्यपदार्थ पुन्हा विकता येत नाही, मग परतीचा खर्च कशाला? तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावं, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात. ते पाळायचे, मेलमध्ये उद्धृत करायचे नाहीत. नियमाचं कलम दिसलं की वाचणारा सावध होतो आणि तोही वकिली भाषेत उत्तर देतो. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपनही मी या मेलमध्ये घालू देत नाही. माफी मागतानाच पुन्हा विक्री करणं मला बरं वाटत नाही.

बिलाचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. त्यामुळेच दुसरा मेल नागपूरला गेला. तिथल्या बाईंनी तक्रार केलीच नव्हती, कदाचित खोका अजून उघडलाही नसेल. तरी त्यांच्या वड्या कुठे गेल्या, नव्या कधी निघाल्या आणि त्यांचा फोन नंबर कुणाच्या हाती पडला, हे त्यांना आमच्याकडूनच कळायला हवं होतं. तो मेल लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.