दादाजींच्या गाण्याचा मेळ

‘दादाजींच्या 75 व्या वाढदिवसाला सर्वांनी म्हटलेले गाणे कोणाला आठवते का?’ असा संदेश माझ्या पुतणीने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला. तो वाढदिवस 1986 सालचा. तिचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. घरात त्या गाण्याविषयी वारंवार बोलले जाई, परंतु म्हणून दाखवा म्हटले की कोणीही पहिल्या ओळीपुढे जात नसे. त्या काळी आमच्या घरी ध्वनिमुद्रणाचे साधन नव्हते. आडतीच्या दुकानामागच्या चौकात सतरंज्या अंथरून झालेला तो घरगुती समारंभ होता. गाणे उरले असेल तर ते माणसांच्या स्मरणातच उरले होते.

दहा मिनिटांत मोठ्या काकाजींचे उत्तर आले. ध्रुपदाची दुसरी ओळ ‘दुकान’ या शब्दावर संपत होती, असे त्यांनी ठामपणे लिहिले. लगोलग अकरा जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून अंगठे उंचावले. वरकरणी हे बारा साक्षीदार. प्रत्यक्षात साक्ष एकच. वडीलधाऱ्यांनी एकदा शब्द दिला की धाकट्यांना तो खरोखरच आठवू लागतो. त्यात लबाडी काहीच नसते. स्मरणातील रिकामी जागा समोर आलेल्या शब्दाने भरून निघते आणि तो शब्द पूर्वीपासून तेथेच होता असे वाटते. म्हणून अशा प्रश्नाची उत्तरे चारचौघांत मागवू नयेत. आपल्या व्यापारातही रोकड मोजणारा आणि रोजकीर्द लिहिणारा एकमेकांचे आकडे पाहून लिहू लागले, तर मेळ रोज बसेल, पण त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

मी पुतणीला सुचविले की समूहावरील चर्चा थांबवावी आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे फोन करावा. प्रश्नही बदलावा. ‘गाणे आठवते का?’ असे विचारले की मनुष्य ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी, तुम्ही कोठे बसला होता, शेजारी कोण होते, ढोलकी कोणाकडे होती, कोणते कडवे कोणी म्हटले, असे विचारावे. जागा आठवली की तिच्यामागून आवाज आठवतो. ज्याला जेवढे आठवेल तेवढेच त्याने गुणगुणावे. शब्द अडले तर ‘ला ला’ म्हणून पुढे जावे, पण थांबू नये.

सर्वांत मोलाची साक्ष भुवांची ठरली. त्या मोबाईलवरील संदेश वाचत नाहीत, त्यामुळे काकाजींचा ‘दुकान’ त्यांच्या कानी गेलेलाच नव्हता. त्यांनी फोनवर चाल गुणगुणली आणि पुतणीने ती ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताच आम्ही जुनी माणसे एकदम म्हणालो, ही तर हेमंतकुमारांच्या संगीताने गाजलेल्या 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातील एका गाण्याची चाल! आपल्याकडे स्तवनांच्या पुस्तिकांत गीताच्या डोक्यावर ‘तर्ज’ म्हणून परिचित गाण्याचे नाव छापतात, तीच ही रीत. घरातील कोणीतरी त्या चालीवर आमच्या मारवाडी बोलीत शब्द बसविले होते.

तर्ज सापडली की अर्धे काम होते, कारण चाल ही मापाप्रमाणे असते. कोणत्या ठिकाणी किती मात्रांचा शब्द मावेल हे तीच सांगते. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. एका चुलतभावाला जो पाच मात्रांचा शब्द आठवत होता, तो चालीत ओढूनताणूनही बसेना; तो बाजूला ठेवला. परंतु मापालाही मर्यादा आहे. भुवा म्हणाल्या, ती ओळ ‘मकान’वर संपत होती. ‘दुकान’ चार मात्रांचे, ‘मकान’ही चार मात्रांचे, आणि यमकही दोघांचे जुळते. ज्यांचे आयुष्य पेढीवर गेले त्यांना दुकान आठवले. ज्या लग्न होऊन त्या वाड्यातून गेल्या त्यांना मकान आठवले. चाल येथे निवाडा करू शकत नव्हती.

दुसरी अडचण अधिक गंभीर निघाली. ध्रुपद सर्वांना आठवत होते, कारण ते सर्वांनी मिळून प्रत्येक कडव्यानंतर म्हटले होते. कडवी मात्र एकेका घराने म्हटली होती, म्हणून ती त्या त्या घरातच राहिली. आमच्याकडे चार कडवी जमली: मोठ्या काकाजींचे, माझ्या वडिलांचे, तिसऱ्या काकाजींचे आणि भुवांचे. सर्वांनी सांगितले, कडवी चारच होती. परंतु ज्या आतेभावाने त्या दिवशी ढोलकी वाजविली होती, तो म्हणाला, ‘मी पाच वेळा थांबलो होतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी हात उचलायचा होता.’

दादाजींना मुलगे चार, मुलगी एक. कडवी पाचच असणार. जे कडवे हरवले ते सर्वांत धाकट्या काकाजींच्या घराचे होते. वाटण्या झाल्यावर पेढीच्या हिशेबावरून बोलणे तुटले, आणि पुढे समूह तयार झाला तेव्हा त्या घराचा एकही क्रमांक त्यात घातला गेला नाही. तेव्हा ते कडवे आम्ही विसरलो होतो असे म्हणता येणार नाही. ज्यांना ते ठाऊक होते, त्यांना प्रश्नच पोचला नव्हता. ‘कोणाला आठवते का?’ या वाक्यातील ‘कोणाला’ म्हणजे कोण, हे समूहाच्या यादीने आधीच ठरवून टाकले होते.

फोन कोणी करायचा यावर दोन दिवस गेले. शेवटी पुतणीनेच केला; वाटण्यांशी तिचा काही संबंध नव्हता. फोन धाकट्या काकींनी घेतला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘माझे गाणे तुम्हांला कशाला हवे?’ तेव्हा कळले की शब्द त्यांनीच रचले होते. नव्या सुनेने सासऱ्यांसमोर आपले नाव सांगायचे नाही म्हणून ती गोष्ट त्या वेळी झाकली गेली, आणि पुढे सांगायला प्रसंग उरला नाही.

चार दिवसांनी त्यांनी एका जुन्या लाल बहीच्या कोऱ्या राहिलेल्या शेवटच्या पानाचे छायाचित्र पाठविले. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले होते, तरी पाचवे कडवे जवळजवळ पूर्ण वाचता आले. ध्रुपदाची दुसरी ओळही त्यात होती. ती ‘दुकान’वर संपत नव्हती आणि ‘मकान’वरही नाही. तेथे शब्द होता ‘पिछाण’, म्हणजे ओळख. मात्रा चारच. काकाजींनी ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘मग आम्ही इतकी वर्षे चुकीचेच म्हणत होतो.’

आता गाणे स्वच्छ लिहून ठेवले आहे. वर तर्ज, खाली रचणाऱ्या काकींचे नाव आणि समारंभाचे वर्ष. प्रत्येक कडव्यापुढे ते कोणाकडून मिळाले याची नोंद. तिसऱ्या कडव्यातील एक ओळ कोणाकडेच नाही, काकींच्या पानावरही तेथे उंदराने कुरतडलेले आहे. ती जागा चालीच्या मापाएवढी मोकळी सोडली आहे. काकींना विचारले, नवी ओळ रचून द्याल का? त्या म्हणाल्या, आधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसून म्हणून तर पाहा, म्हणताना कोणाच्या तोंडून ती आपोआप येईल.