तीन खाती, चार वारस

आमचे हे गेले तेव्हा बँकेत त्यांचे पैसे तीन ठिकाणी होते. एक बचत खातं आणि दोन मुदत ठेवी. बँक तीच, शाखा तीच, तरी तिन्हींना लागणारे कागद वेगळे होते. नवऱ्यामागे बँकेत जाणाऱ्या बाईला हे कोणी आधी सांगत नाही. ती सगळ्यांसाठी एकच अर्ज लिहिते आणि एका ठेवीचा कागद कमी पडला की तिन्ही ठिकाणचे पैसे अडकून बसतात.

हे मालवण बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांचे मिस्त्री. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा इंजिनं खोलायची, आणि नारळीपौर्णिमेनंतर मासे लागले की मालकांकडून हिशेब घ्यायचा. त्यातले चार पैसे ठेवीत जायचे. पहिली ठेव लग्नाआधीच्या सवयीने आईला नॉमिनी लावून केलेली, आणि मुदत संपली की तशीच पुढे चालू ठेवलेली. दुसरी नंतरची. तिच्या पावतीवर नॉमिनीची जागा कोरीच. बचत खातं मात्र आम्हा दोघांचं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या अटीचं.

आजारपणात त्यांना गोव्याच्या रुग्णालयात नेलं आणि तिथेच ते गेले. क्रियाकर्म गावात झालं, म्हणून दाखला आमच्या ग्रामपंचायतीत मिळेल असं मला वाटलं होतं. ग्रामसेवकांनी समजावलं, “वहिनी, मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. दाखला गोव्यातून आणावा लागेल.” मुलगा जाऊन घेऊन आला. मूळ शिक्क्याच्या जादा प्रती त्याने तिथेच मागून घेतल्या, ते फार बरं झालं, कारण बँकेपासून तलाठ्यापर्यंत प्रत्येक जण मूळ प्रत बघायला मागतो. दाखल्यावर नाव इंग्रजीत होतं आणि आडनावाचं स्पेलिंग ठेवीच्या पावतीपेक्षा वेगळं. मग दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून ठेवलं.

शेजारपाजारचे सांगत होते, “एटीएमचा पिन ठाऊक आहे ना? मग काढून घे, कशाला अर्ज करतेस?” मी कार्डाला हात लावला नाही. मृत्यूनंतर त्या कार्डावरून पैसे निघाले की वारसांमध्ये पहिला संशय तिथूनच सुरू होतो, आणि बँकही त्याबद्दल विचारू शकते.

खिडकीवरच्या मुलाने मला एका दमात सांगितलं, “नॉमिनी नाही ना? मग कोर्टाचा वारस दाखला आणि दोन जामीनदार आणा.” बचत गटाची सचिव म्हणून मी कर्जाची प्रकरणं केलेली, म्हणून मी एवढंच म्हटलं, “कोणत्या नियमाने, ते लिहून द्या.” त्याने लिहून दिलं नाही, पण मला आत शाखाधिकाऱ्यांकडे पाठवलं.

नियम असा आहे. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ला दिवंगत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६पर्यंत अमलात आणायला सांगितले. माझा अर्ज त्यानंतरचा. नॉमिनी किंवा हयात खातेदार असेल तर रक्कम कितीही असो, कोर्टाचा कागद मागायचा नाही. नॉमिनी नसेल, पण वाद नसेल आणि रक्कम १५ लाखांपर्यंत असेल, तरी कोर्टात न जाता दावा निकाली काढायचा. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख आहे. या मर्यादेच्या आत तिऱ्हाईत जामीनदार मागायचा नाही. वारसांमध्ये भांडण असेल, मृत्युपत्रावरून वाद असेल किंवा कोर्टाची मनाई असेल, तर मात्र ही सोपी वाट बंद होते.

आता वारस कोण? मी, मुलगा, गोव्यात दिलेली मुलगी, एवढं सगळे सांगतात. चौथं नाव बहुतेक जण विसरतात, ते सासूबाईंचं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते. वडील त्या वर्गात येत नाहीत. म्हणजे कोऱ्या नॉमिनीच्या साडेतीन लाखांच्या ठेवीत चौघांचा सारखा हिस्सा, प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी हजार. सासूबाईंचा कागद नसता तर माझा अर्ज अपुराच ठरला असता.

पहिल्या ठेवीचं आणखी वेगळं. तिथे नॉमिनी सासूबाई, म्हणून पैसे बँक त्यांनाच देणार, आणि फॉर्मही त्यांच्याच नावाने भरायला हवा. मी कितीही पत्रं लिहिली तरी उपयोग नव्हता. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बँक ठेवींबद्दलच सांगितलेलं आहे. कोणाला किती हे घरात ठरवायचं. कोणाच्या हाती पैसे दिले की आपली जबाबदारी संपते, एवढंच बँक बघते.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माका पैसे कित्याक होये गो? सय खय करूची ता सांग.” मी म्हटलं, “आई, असं नको. आधी ऐका, मग अंगठा द्या.” शेवटी घरात असं ठरलं की त्या नॉमिनी असलेल्या ठेवीचे पैसे त्यांच्याकडेच राहतील आणि कोऱ्या नॉमिनीच्या ठेवीचे माझ्याकडे येतील. मुलांनी मान्य केलं, मग पत्र लिहायला घेतलं. नावं आणि क्रमांक वगळून ते असं होतं:

प्रति,
शाखाधिकारी, मालवण शाखा.

विषय: दिवंगत पतीच्या बचत खात्यातील व मुदत ठेवींमधील रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,
माझे पती आपल्या शाखेचे ग्राहक होते. त्यांचे निधन झाले असून त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. वारसांमध्ये वाद नाही आणि कोणत्याही न्यायालयाचा मनाई आदेश नाही. त्यांच्या पश्चात पत्नी, आई, मुलगा व मुलगी असे चार वारस आहेत. सर्व सज्ञान आहेत.

१. संयुक्त बचत खाते: हयात खातेदार मी आहे. पतीचे नाव कमी करून खाते माझ्या नावे चालू ठेवावे.
२. मुदत ठेव रु. २,००,०००, नॉमिनी सासूबाई: त्यांचा स्वतंत्र दावा सोबत आहे. मुदत संपलेली नाही. ठेव दंड न लावता मोडून रक्कम त्यांच्या खात्यात जमा करावी.
३. मुदत ठेव रु. ३,५०,०००, नॉमिनी नाही: निधनानंतर मुदत संपली आहे. मुदतीपर्यंत ठरलेल्या दराने आणि त्यापुढे रक्कम देण्याच्या तारखेपर्यंत नियमाप्रमाणे सरळ व्याज देऊन रक्कम माझ्या खात्यात जमा करावी.

सोबत जोडलेली कागदपत्रे:
तिन्हींसाठी: मृत्यू दाखल्याची प्रत (मूळ पडताळणीसाठी आणला आहे), नावातील फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र.
क्र. १ साठी: माझे आधार कार्ड, पासबुक.
क्र. २ साठी: सासूबाईंचा दावा अर्ज, त्यांचे आधार कार्ड, मूळ ठेव पावती, त्यांच्या पासबुकाची प्रत.
क्र. ३ साठी: माझा दावा अर्ज, मूळ ठेव पावती, मी दिलेले नुकसानभरपाईचे बंधपत्र, सासूबाई, मुलगा व मुलगी यांची ना-हरकत पत्रे, आम्ही चौघेच वारस असल्याबद्दल कुटुंबाबाहेरील परिचित व्यक्तीचे घोषणापत्र.

कागदपत्रे मिळाल्याची पोच यादीनिशी द्यावी. काही कमी असल्यास एकदाच लेखी कळवावे.

आपली विश्वासू.

पत्रातल्या दोन गोष्टींबद्दल थोडं सांगायला हवं. पहिली व्याजाची. मुदत संपल्यावर व्याज थांबतं, असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं. तसं नाही. ठेवीदार मुदतीच्या आत गेला आणि दावा मुदतीनंतर आला, तर पुढच्या काळासाठी मुदत संपली त्या दिवशी लागू असलेल्या दराने सरळ व्याज मिळतं. ठेवीदार मुदत संपल्यावर गेला असेल तर त्या पुढच्या काळाला बचत खात्याचा दर लागतो. म्हणून पावतीवरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख शेजारी ठेवून बघावी. दुसरी गोष्ट बंधपत्राची. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मी लिहून दिलं की उद्या आणखी कोणी वारस उभा राहिला तर बँकेचं नुकसान मी भरून देईन. यात खरंच आपली मान अडकते, म्हणून एकही वारस लपवू नये.

घोषणापत्र गावातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलं. ते आमच्या नात्यातले नाहीत आणि त्यांना बँकेतही ओळखतात. दूरच्या दिराची सही चालली नसती. मुलीची सही गोव्यात, तिथल्या नोटरीसमोर झाली. सासूबाईंच्या अंगठ्याशेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मजकूर त्यांना वाचून दाखवून समजावला, असंही खाली लिहून घेतलं.

शाखेत पोच म्हणून खिडकीवरच्या मुलाने पत्रावर नुसता गोल शिक्का मारला. मी यादीतल्या प्रत्येक कागदापुढे खूण करून मागितली आणि तारीख घालायला सांगितली. तो वैतागला, पण त्याने केलं. मी हे का मागत होते? सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो, आणि बँकेमुळे उशीर झाला तर त्या काळासाठी बँक दरापेक्षा किमान चार टक्के जास्त दराने भरपाई द्यायची असते. पण कागद पूर्ण कधी झाले, हे दाखवायला आपल्याकडे काही नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? यादीवरची खूण आणि तारीख हाच त्याचा पुरावा.

बचत खात्याचं काम त्याच दिवशी झालं. ठेवींचे पैसे पंधरा दिवसांच्या आत जमा झाले, व्याजासकट.

ज्यांच्या घरी अजून सगळे हयात आहेत त्यांना एक सांगणं आहे. आज घरातल्या सगळ्या पावत्या बाहेर काढा आणि नॉमिनीची जागा कोरी आहे का बघा. कोरी असेल तर बँकेत जाऊन भरा, आणि जुनं नाव असेल तर ते अजून योग्य आहे का ते ठरवा. १ नोव्हेंबर २०२५पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि प्रत्येकाचा वाटाही लिहिता येतो. आमच्या दुसऱ्या पावतीवरची ती एक ओळ भरलेली असती तर पत्रातल्या क्रमांक तीनखालचे निम्म्याहून जास्त कागद लागलेच नसते.